एक जिल्हा, पाच टॅग

आमच्या कॉलेजच्या मुलामुलींनी चालवलेली एक साईट आहे. गावाकडच्या गोष्टी, ट्रेकचे अनुभव, मेसच्या डाळीवरची भांडणं, सगळं त्यात असतं. मागच्या वर्षी एफवायच्या एका मुलीने भंडारदऱ्याच्या काजव्यांवर लेख लिहिला. पावसाच्या तोंडावर दोन रात्री अकोले तालुक्यात मामाकडे राहून, स्थानिक लोकांशी बोलून लिहिलेला. गाड्यांच्या हेडलाईटमुळे काजवे कसे विझतात, झाडाखाली गर्दी केली की काय होतं, असं सगळं त्यात होतं. लेख चांगला होता. तिच्या मामेबहिणीने तो गुगलवर शोधला, तर वर आलं ते आमच्याच साईटचं एक पान. टायटल होतं ‘अकोले Archives’. बहिणीने उघडलं. वरती कळसूबाईच्या ट्रेकचे तीन लेख, मग हरिश्चंद्रगड, मग एसटीच्या वेळापत्रकाबद्दलची कुरकुर. काजवे कुठेच नाहीत. तिने पान बंद केलं आणि ताईला फोन केला, ‘‘अगं, तुझा लेख काढून टाकला का त्यांनी?’’

काढला नव्हता. तो त्याच यादीच्या दुसऱ्या पानावर सरकला होता. वर्डप्रेस न सांगता एका पानावर दहाच पोस्ट दाखवतं. गुगलने ते पान वाचलं तेव्हा काजवे पहिल्या दहात होते, बहीण पोचली तोवर अकरावे झाले होते.

हा प्रकार समजायला एवढंच लक्षात घ्या, की टॅगचं पान कुणीही लिहिलेलं नसतं. लेख टाकताना तुम्ही उजवीकडच्या चौकटीत ‘अकोले’ असं टाईप करता आणि एंटर दाबता, त्या क्षणी साईटवर एक नवीन पत्ता तयार होतो, `/tag/` ने सुरू होणारा. तो शब्द ज्या ज्या पोस्टला लावलाय त्यांची यादी तिथे आपोआप मांडली जाते. लेखकाच्या नावावर क्लिक केलं की उघडणारं `/author/` चं पानही तसंच. वर्डप्रेस 5.5 पासून, म्हणजे 2020 पासून, साईटमॅप स्वतःच बनवतं आणि त्यात टॅगची पानं आणि लेखकांची पानं दोन्ही घालतं. म्हणजे ‘ही आमची पानं, वाचा आणि शोधात दाखवा’ असं आपणच गुगलला सांगत असतो, आपल्याला पत्ता नसताना.

काजव्यांच्या प्रकारानंतर मी आणि एका मित्राने बसून आमची साईट मोजली. पोस्ट होत्या 94. टॅग होते 311. त्यातल्या 228 टॅगना एकेकच पोस्ट होती. एक पोस्ट असलेलं टॅगचं पान म्हणजे काय? त्याच लेखाची सुरुवात, वेगळ्या पत्त्यावर, वेगळ्या टायटलखाली. आम्ही 94 लेख लिहून गुगलपुढे चारशेच्या वर पानं ठेवली होती आणि त्यातली तीन चतुर्थांश पानं स्वतःचं काहीच सांगत नव्हती.

इथे एक गैरसमज आधी काढून टाकू. ‘डुप्लिकेट कंटेंट असलं की गुगल शिक्षा करतं’ असं हॉस्टेलवरचा प्रत्येक एसइओ-पंडित सांगतो. तसं नाही. गुगल सारखी दिसणारी पानं एकत्र धरतं आणि त्यातलं एक निवडून दाखवतं, बस. अडचण ही की कुठलं निवडायचं ते गुगल ठरवतं. आमच्या बाबतीत त्याने लेख सोडून यादी निवडली.

आता नगरची गोष्ट. मोजणीत सगळ्यात मजेशीर सापडलं ते आमच्याच जिल्ह्याचं नाव. 31 मे 2023 ला चौंडीत नामांतराची घोषणा झाली, मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राच्या होकारानंतर अहिल्यानगर हे नाव अधिकृत झालं. आमच्या साईटवर या सगळ्याचे थर साचलेले. ‘नगर’ हा टॅग 31 पोस्टना. ‘अहमदनगर’ 22 ना. इंग्रजीत टाईप केलेला `Ahmednagar` 14 ना. ‘अहिल्यानगर’ 9 ना. आणि कुणा शॉर्टकटवाल्याचं ‘अ.नगर’ 3 ना. कित्येक पोस्टना यातले दोन-तीन एकदम लावलेले. म्हणजे पाच पानं, थोडाफार फरक सोडला तर सगळ्यांवर तेच लेख.

मीटिंगमध्ये यावरून जाम वाजलं. एकाचं म्हणणं, सगळं ‘अहिल्यानगर’ करून टाका. दुसऱ्याचं, लोक अजून जुनंच नाव शोधतात, ते ठेवा. तिसरी म्हणाली, आपण बोलताना नगर म्हणतो, तर नगरच. या तिसऱ्या मताबद्दल मला प्रेम आहे, पण शोधात ‘नगर’ हा शब्द निरुपयोगी आहे. शिवाजीनगर, गांधीनगर, उल्हासनगर, सगळे त्यात येतात. तालुक्यांचंही तसंच. ‘अकोले’ एवढंच टायटल वाचून विदर्भातल्या अकोल्याचं काहीतरी असेल असं वाटणारे लोक मी स्वतः पाहिलेत. नुसत्या टॅगच्या शब्दाचं टायटल का पुरत नाही, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. घरातल्यांना कळणारा शब्द बाहेरच्याला कळत नाही, आणि शोधातून येणारा प्रत्येक जण बाहेरचा असतो.

तर भांडण अर्धा तास चाललं, मग माझ्या लक्षात आलं की आपण चुकीच्या प्रश्नावर भांडतोय. आमची साईट मुळात याच जिल्ह्याबद्दल आहे. जवळजवळ प्रत्येक लेख नगर जिल्ह्यातला. मग जिल्ह्याच्या नावाचा टॅग म्हणजे आमच्या होमपेजचीच झेरॉक्स! नाव जुनं ठेवा की नवं, त्या पानावर होमपेजपेक्षा वेगळं काहीच मिळणार नाही. त्यामुळे माझं मत असं पडलं, आणि अजून तेच आहे, की ज्या टॅगवरून एवढं रण पेटलं तोच शोधात दाखवायच्या लायकीचा नाही. पाचांचा एक करायचा, नाव ‘अहिल्यानगर’, आणि तो शोधाबाहेर. जुनं नाव शोधणाऱ्यांसाठी ते ‘आमच्याबद्दल’ या पानावर आणि जिथे संदर्भ आहे त्या लेखांमध्ये सरळ लिहायचं. वाचक लेखापर्यंत पोचतो ते लेखातल्या शब्दांवरून.

‘अहमदनगर किल्ला’ हा टॅग मात्र आम्ही जसाच्या तसा ठेवला, आणि शोधातही ठेवला. 1942 ते 1945 या काळात नेहरू तिथे कैदेत होते, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिलं. किल्ल्यावर आमचे सहा लेख आहेत आणि होमपेजवर ते एकत्र कुठेच दिसत नाहीत. ती यादी खरंच काहीतरी देते. शोधून बदल मारणारी कमांड वापरली असती तर हाही टॅग नव्या नावाने धुऊन निघाला असता.

पाचांचा एक करताना एक खड्डा आहे, तो सांगतो, कारण आम्ही त्यात पडलो. वर्डप्रेसमध्ये तुम्ही एखाद्या लेखाचा पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला ते गुपचूप नव्या पत्त्यावर नेतं. त्यामुळे वाटतं की टॅगचंही तसंच होईल. होत नाही. टॅगचा पत्ता बदलला किंवा टॅग उडवला की जुनी लिंक सरळ मरते, ‘पान सापडलं नाही’ असं येतं. आणि आमच्या जुन्या लिंका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पसरलेल्या होत्या. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी टॅगच्या यादीत ‘अहमदनगर’समोरच्या आकड्यावर क्लिक करायचं, त्याच्या सगळ्या पोस्ट उघडतात. त्या सगळ्या निवडून बल्क एडिटमध्ये ‘अहिल्यानगर’ टॅग जोडायचा. मग जुना टॅग डिलीट करायचा, त्याने पोस्ट डिलीट होत नाहीत, घाबरू नका. आणि लगेच जुन्या पत्त्यावरून नव्यावर 301 रीडायरेक्ट लावायचा. त्यासाठी `Redirection` नावाचं फुकट प्लगिन आहे. आम्ही शेवटची पायरी ‘उद्या करू’ म्हणून सोडली आणि उद्या युनिटटेस्ट निघाली.

जाता जाता पत्त्याबद्दल. मराठीत टॅग टाकला की पत्त्यातही मराठी जातं, आणि कॉपी करून पाठवलं की ते असं दिसतं:

```
/tag/%e0%a4%a8%e0%a4%97%e0%a4%b0/
```

हे नुसतं ‘नगर’ आहे. तीन अक्षरांची सत्तावीस चिन्हं झाली. ‘अहिल्यानगर’ची नव्वद होतात. पाहून लोकांना व्हायरस वाटतो. नवा टॅग बनवतानाच `Slug` च्या रकान्यात रोमन अक्षरांत `ahilyanagar` लिहून टाकावं. टॅगचं नाव मराठीच राहतं.

आता शोधाबाहेर ठेवणं म्हणजे नेमकं काय? टॅग लपवणं नव्हे. साईटवर आलेला माणूस लेखाखालच्या टॅगवर क्लिक करून यादी पाहू शकतोच. फक्त त्या पानाच्या आत, वाचकाला न दिसणारी ही एक ओळ असते:

```html
<meta name="robots" content="noindex, follow">
```

गुगलने पान वाचलं, ही ओळ पाहिली, की ते पान निकालात दाखवत नाही. हाताने लिहायची गरज नाही. योस्टमध्ये टॅगच्या सेटिंगमध्ये ‘सर्चमध्ये दाखवायचं का’ असं बटण आहे, ते बंद केलं की सगळ्या टॅगच्या पानांवर ही ओळ येते आणि साईटमॅपमधूनही ती पानं जातात. मग जे थोडे टॅग दाखवायचेत त्यांच्यापुरतं, त्या टॅगच्या स्वतःच्या एडिट पानावर जाऊन पुन्हा चालू करायचं. रँकमॅथमध्येही अशीच सोय आहे.

दोन चुका मात्र नेहमी होतात. पहिली, `robots.txt` मध्ये `/tag/` ला बंदी घालायची आणि वर noindex पण लावायचं. डबल कुलूप, असं वाटतं. प्रत्यक्षात बंदीमुळे गुगल पानाच्या आत शिरतच नाही, मग आतली ओळ वाचणार कशी? बाहेरून कुठून तरी लिंक मिळाली तर तो पत्ता तसाच निकालात लटकत राहतो, आणि सर्च कन्सोलमध्ये `Indexed, though blocked by robots.txt` असा शेरा दिसतो. तो दिसला की समजायचं, बंदी काढायची आणि फक्त noindex ठेवायचं.

दुसरी चूक जीवघेणी. सेटिंगमध्ये `Reading` खाली एक चौकट असते, `Discourage search engines from indexing this site`. आमच्यातल्या एकाने ‘टॅग बंद करतो’ म्हणून तिथे टिक मारली. ती टॅगसाठी नाही, अख्ख्या साईटसाठी आहे. तीन आठवड्यांनी कुणीतरी म्हणालं, आपलं नाव टाकलं तरी आपण येत नाही. कळायला उपाय साधा: कुठलाही एक साधा लेख लॅपटॉपवर उघडा, कंट्रोल आणि यू दाबा, आणि आत `noindex` शोधा. लेखाच्या पानावर तो सापडला तर काहीतरी घोळ आहे. टॅगच्या पानावर सापडला तर ठीक.

सगळे टॅग बंद करून मोकळं व्हावं, असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते आळशीपणाचं वाटतं, पण सगळे चालू ठेवण्यापेक्षा बरं. आम्ही 311 पैकी शेवटी फक्त चार शोधात ठेवले: काजवे, कांदा बाजार, हिवरे बाजार, अहमदनगर किल्ला. विचारलेले प्रश्न अगदी घरगुती होते. हा शब्द अनोळखी माणूस खरंच शोधेल का? किमान पाच लेख आहेत का? याच नावाची कॅटेगरी आधीच नाही ना? (‘शेती’ ही कॅटेगरीही होती आणि टॅगही, एकाच आईची दोन लेकरं.) आणि या यादीच्या वर कुणीतरी चार वाक्यं लिहायला तयार आहे का? हा चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला. ज्या टॅगसाठी कुणीही चार वाक्यं लिहायला तयार झालं नाही, त्याचा निकाल तिथेच लागला.

ती चार वाक्यं टॅगच्या `Description` मध्ये लिहायची. काही थीम ती दाखवतच नाहीत, तेव्हा लिहून झाल्यावर पान उघडून बघा. हिवरे बाजारच्या पानावर आम्ही लिहिलं, की यातले दोन लेख प्रत्यक्ष भेटीवरचे आहेत आणि बाकीचे पाणी-ताळेबंदाबद्दलचे, आणि नवख्याने कुठून सुरुवात करावी. काजव्यांच्या पानावर सगळ्यात वर त्या मुलीच्या लेखाची थेट लिंक. आता यादी कितीही सरकली तरी तो लेख हलणार नाही.

मग टायटल. योस्ट लावलेल्या साईटवर टॅगचं टायटल आपोआप असं बनतं:

```
%%term_title%% Archives %%page%% %%sep%% %%sitename%%
```

मराठी साईटवर ते ‘कांदा Archives’ होतं, धड मराठी नाही, धड काही सांगत नाही. आमच्या कांद्याच्या टॅगचं पहिलं टायटल एकाने सुचवलं, ‘आजचे कांदा भाव’. लोक हेच शोधतात, हे खरं. पण आमच्याकडे आजचे भाव नाहीतच. आमच्याकडे घोडेगावच्या लिलावात पहाटेपासून उभ्या राहिलेल्या बापाबद्दल त्याच्या मुलाने लिहिलेला लेख आहे. भाव बघायला आलेला शेतकरी दोन सेकंदांत परत जाईल, आणि त्याचं चुकणार नाही. शेवटी ‘कांदा बाजार : घोडेगाव, नेप्ती, राहुरीचे अनुभव’ असं ठेवलं. वेगळेपणा सांगणारे शब्द आधी आणि साईटचं नाव शेवटी, कारण फोनवर टायटल शेपटाकडून कापलं जातं. आणि `%%page%%` काढू नका, त्यामुळेच दुसऱ्या पानाला ‘पान 2’ लागतं. नाहीतर पहिलं, दुसरं, तिसरं पान एकाच टायटलचं होऊन बसतं. एवढं करूनही गुगल कधीकधी स्वतःच्या मनाने टायटल बदलून दाखवतं. त्याला इलाज नाही.

इथवर टॅग. लेखकांच्या पानांचा मामला वेगळा आहे, कारण तिथे शब्दाऐवजी माणूस असतो.

आमच्याकडे पहिली दोन वर्षं सगळ्यांनी एकच लॉगिन वापरलं, `admin`. त्यामुळे `/author/admin/` वर साठ लेख, म्हणजे पुन्हा होमपेजचीच प्रत, आणि साठ लेख लिहिणाऱ्यांच्या नावाने शोधलं तर शून्य. ते दुरुस्त करायला बसलो. प्रत्येकाचं खातं उघडलं, क्विक एडिटमधून लेखाचा लेखक बदलला. (पत्त्यात लॉगिनचंच नाव येतं, हे तेव्हा कळलं. म्हणून ईमेल आयडीसारखं लॉगिन ठेवू नका.) मग एकाच नावा-आडनावाच्या दोन मुली निघाल्या, एक बॉटनीची, एक इतिहासाची. टायटल दोघींचंही तेच, पुढे `Author at`. इतिहासवालीला नातेवाइकांनी मशरूमबद्दल विचारलं तेव्हा ते उघडकीला आलं. आता टायटलमध्ये नावापुढे विषय आहे.

आणि मग एका पास झालेल्या सीनियर ताईचा फोन आला. तिची नोकरीची मुलाखत झाली होती. समोरच्याने तिचं नाव गुगलवर टाकलेलं, पहिलं आलं ते आमचं लेखक-पान. तिचे सहा लेख, सगळ्यात वर एकोणिसाव्या वर्षी लिहिलेला, हॉस्टेलच्या वॉर्डनची टर उडवणारा. मुलाखतीत त्यावर हसले म्हणे. ती हसत नव्हती. ‘‘मी लेख काढा म्हणत नाही, पण माझ्या नावाचं ते पान माझ्याऐवजी तुम्ही का ठरवलंत?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टॅगचं पान शोधात ठेवायचं की नाही हे संपादकाने ठरवावं. लेखकाचं पान त्या माणसाने ठरवावं, हे मी त्या दिवसापासून मानतो. ज्याला ते पान पोर्टफोलिओसारखं हवंय, त्याने स्वतःची तीन-चार वाक्यांची ओळख लिहावी, टायटल स्वतः सुचवावं, आणि पान शोधात राहील. जो काही बोलत नाही, त्याचं पान noindex. योस्टमध्ये प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये हे वेगळं ठरवता येतं.

याची मर्यादाही ताईला सांगावी लागली. noindex ने यादी जाते, तो वॉर्डनवाला लेख स्वतःच्या पत्त्यावर शोधात राहतोच. आणि यादीसुद्धा लगेच जात नाही, गुगल पुन्हा येऊन ती ओळ वाचेपर्यंत, कधी काही दिवस, कधी काही आठवडे. घाई असेल तर सर्च कन्सोलमध्ये पत्ता तात्पुरता लपवण्याची सोय आहे, ती सुमारे सहा महिने टिकते, तोवर noindex आपलं काम करतो. एकाने वेगळाच उपाय सुचवला होता, तिचं खातंच डिलीट करू. तेव्हा वर्डप्रेस विचारतं, या व्यक्तीचे लेखही उडवायचे की दुसऱ्याच्या नावावर करायचे? त्या स्क्रीनवर चुकून पहिला पर्याय गेला असता तर सहाही लेख गेले असते.

ताईचं पान सतरा दिवसांनी निकालातून गेलं. वॉर्डनचा लेख तिने पुन्हा वाचला आणि ठेवा म्हणाली, फक्त शेवटचा परिच्छेद तिने स्वतः बदलून पाठवलाय, तो अजून टाकायचा राहिलाय.